दुपारी दोननंतर स्लिपेज उणे कसं येतं? (फिल-कोट जुळणीचं रूटीन)

मुक्ता_ठाणे | सोमवार, रात्री ९:१२

बाजार बंद झाल्यावर आमचं एक रूटीन चालतं. दिवसभरात निफ्टी ऑप्शन्समध्ये झालेला प्रत्येक फिल घ्यायचा, त्या क्षणी बाजारात असलेला कोट शोधायचा आणि स्लिपेज काढायचं. खरेदी असेल तर फिलच्या भावातून आस्क वजा करायचा, विक्री असेल तर बिडमधून फिल. उत्तर अधिक आलं म्हणजे आपल्याला कोटापेक्षा वाईट भाव मिळाला.

फिलवरची वेळ एक्स्चेंजकडून येते, मिलिसेकंदापेक्षाही बारीक. आमच्याकडे येणाऱ्या फीडमध्ये मात्र कोटावरची एक्स्चेंजची वेळ फक्त पूर्ण सेकंदात असते. म्हणून रेकॉर्डर सर्व्हर कोट हाती येताच स्वतःच्या घड्याळाची वेळ टाकतो आणि जुळणी त्या वेळेवर होते. पद्धत पांडासच्या `merge_asof` ची, म्हणजे फिलच्या आधीचा शेवटचा कोट.

आता अडचण. गेल्या तीन आठवड्यांची सरासरी सकाळी ९:३० ते १०:०० मध्ये १२ पैसे येते, दुपारी दोननंतर उणे ७ पैसे. आमच्या जवळजवळ सगळ्या ऑर्डर्स समोरचा भाव उचलणाऱ्या आहेत. आस्क उचलून आस्कपेक्षा स्वस्त मिळणं अधूनमधून होईल, रोज दुपारी सरासरीने कसं होईल? हे बाजाराचं वागणं आहे की रूटीनमध्ये चूक आहे?

---

पिंपळपार | रात्री ९:२५

दुपारी युरोप उघडतं, उलाढाल वाढते, स्प्रेड आक्रसतो. स्लिपेज कमी होणं स्वाभाविक आहे. मला यात चूक वाटत नाही.

---

जमाखर्च | रात्री ९:३१

फिल वेळेवरून जुळवायचेच कशाला? ट्रेड नंबर असतो ना. ऑर्डर नंबर आणि ट्रेड नंबर मिळून कॉन्ट्रॅक्ट नोटशी एकास एक जुळतं. आमच्याकडे रोज तसंच होतं, घड्याळाचा संबंधच येत नाही.

---

मुक्ता_ठाणे | रात्री ९:४०

@जमाखर्च, तुम्ही म्हणता ती फिलची फिलशी जुळणी. आमच्याकडची नोंद आणि ब्रोकरकडची नोंद एकच आहे का, हे त्यातून कळतं आणि तिथे ट्रेड नंबर बरोबर आहे. इथे फिलसमोर कोट ठेवायचा आहे. कोटाला ट्रेड नंबर नसतो. दोघांत समान असलेली एकच गोष्ट म्हणजे वेळ.

@पिंपळपार, स्प्रेड आक्रसला तर स्लिपेज शून्याकडे जाईल. शून्य ओलांडून रोज उणे का जाईल?

---

गारगोटी | रात्री १०:०५

मुक्ताताई, तुमच्या पोस्टमधलं एकच वाक्य मला महत्त्वाचं वाटलं: फिलची वेळ एक्स्चेंजच्या घड्याळाची आणि कोटाची वेळ तुमच्या सर्व्हरच्या घड्याळाची. दोन वेगळ्या घड्याळांच्या वेळा एका स्तंभात बसवून तुम्ही आधी काय आणि नंतर काय ते ठरवताय. ही दोन घड्याळं दिवसभर एकमेकांपासून सरकत असतील, तर नेमकं असंच चित्र दिसेल.

सर्व्हरचं घड्याळ मागे पडतंय असं धरा. खरा कोट आला १४:३२:१०.४५५ ला, तुमच्या नोंदीत पडली त्याआधीची वेळ. `merge_asof` बिचारं नोंदीवर विश्वास ठेवतं. त्याला वाटतं हा कोट फिलच्या आधीचा, आणि तो उचलतं. प्रत्यक्षात तो फिलच्या नंतरचा असतो, म्हणजे तुमच्याच ऑर्डरने आस्क खाऊन टाकल्यावर वर सरकलेला. त्या वर गेलेल्या आस्कशी तुलना केली की तुमची खरेदी स्वस्त दिसते.

घड्याळ पुढे धावत असेल तर उलट होतं. कोटांवर उशिराची वेळ पडते, रूटीन शिळा कोट उचलतं आणि भाव ज्या बाजूला चालला होता त्या बाजूला खरेदी केली असेल तर स्लिपेज फुगतं. चूक कोणत्या दिशेची आहे ते चिन्हावरून कळतं. तुमचं उणे आहे, म्हणून माझा पहिला संशय मागे पडणाऱ्या घड्याळावर.

तीन गोष्टी सांगा. सर्व्हर कुठे आहे? वेळ जुळवायला त्यावर काय चालतं? आणि `chronyc tracking` काय दाखवतं?

---

मुक्ता_ठाणे | रात्री १०:१८

सर्व्हर ऑफिसातच आहे, असेंबल केलेली मशीन. क्रोनी नाही. क्रॉनमध्ये रोज सकाळी ९:०० ला `ntpdate` चालतं, सोमवार ते शुक्रवार. त्यामुळे वेळ जुळलेली आहे असंच आम्ही धरून होतो.

---

रुळावरून | रात्री १०:२२

मग झालं की. रोज बाजार उघडण्याआधी एनटीपीने वेळ लागते, साडेसहा तासांत असं किती बिघडणार? माझ्या मते घड्याळ सोडा आणि कोट गाळले जात आहेत का ते पहा. यूडीपी फीडमध्ये पॅकेट गळतात.

---

गारगोटी | रात्री १०:५०

@रुळावरून, पॅकेट गळणं तपासायलाच हवं, ते तुमचं बरोबर. पण कोट गळाला तर रूटीनला त्याआधीचा, म्हणजे शिळा कोट मिळेल. त्याने स्लिपेज उणे जायचं कारण नाही.

किती बिघडणार याचा हिशेब करू. साध्या मदरबोर्डवरच्या क्वार्ट्झ स्फटिकाचा वेग दहा लाखांत १० ते ५० भागांनी चुकणं सामान्य आहे. दहा लाखांत एक भाग, म्हणजे १ पीपीएम, दिवसाला ८६.४ मिलिसेकंद होतो. १३ पीपीएमने मागे पडणारं घड्याळ ९:०० ला अगदी अचूक लावलं, तरी ९:३० ला २३ मिलिसेकंद, १२:०० ला १४० आणि ३:१५ ला २९३ मिलिसेकंद मागे असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी १.१२ सेकंदांच्या आसपास. `ntpdate` त्याला ओढून जागेवर आणतं आणि पुन्हा घसरण सुरू. आलेख काढला तर करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

यात दुसरी एक वेळ मिसळलेली आहे. कोट एक्स्चेंजवरून तुमच्या ऑफिसात यायला काही मिलिसेकंद लागतात. ६० धरू. तेवढ्या उशिराने नोंद पडते, म्हणजे ही चूक विरुद्ध दिशेची. सकाळी घसरण थोडी असते आणि प्रवासाचा वेळ वरचढ ठरतो, म्हणून रूटीन थोडा शिळा कोट उचलतं. घसरणही ६० मिलिसेकंदांची झाली की दोन्ही फिटतात. १३ पीपीएमला ते सव्वादहाच्या सुमारास होईल. तिथून पुढे रूटीन भविष्यातले कोट उचलू लागतं आणि दुपारपर्यंत ते वाढतच जातं. सकाळी अधिक आणि दुपारी उणे, हे तुमचं चित्र त्यात बसतं.

एक फिल उलगडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

फिल: खरेदी, १४:३२:१०.४१२, भाव ११८.४०.
एक्स्चेंजवर त्याआधीचा कोट १०.१८० चा, आस्क ११८.३०. त्यानंतरचा १०.४५५ चा, आस्क ११८.५५.

खरं स्लिपेज ११८.४० उणे ११८.३०, म्हणजे १० पैसे.

त्या वेळी घड्याळ २५९ मिलिसेकंद मागे, प्रवासाचे ६० पुढे, म्हणून प्रत्येक कोटावर खऱ्यापेक्षा १९९ मिलिसेकंद आधीची वेळ पडते. १०.१८० चा कोट नोंदीत ०९.९८१ ला जातो आणि १०.४५५ चा १०.२५६ ला. रूटीन १०.४१२ च्या आधीचा शेवटचा कोट मागतं आणि त्याला मिळतो १०.२५६, आस्क ११८.५५. स्लिपेज उणे १५ पैसे. एका फिलमागे २५ पैशांची चूक, आणि प्रोग्राममधली एकही ओळ चुकलेली नाही.

---

पिंपळपार | रात्री ११:०२

हे पटलं. युरोपचा मुद्दा मागे घेतो. पण १३ पीपीएम हा तुमचा अंदाज झाला. खरंच तसं आहे हे तपासायचं कसं?

---

सुपारीफुटी | रात्री ११:२०

तपासायला सोपं आहे. सगळ्या कोटांची वेळ थोडी थोडी सरकवा आणि किती फिल बिड-आस्कच्या आत पडतात ते मोजा. ज्या सरकवण्याला सर्वांत जास्त पडतील, तेवढी घड्याळाची चूक.

```python
def inside(f, q, ms):
    q2 = q.assign(ts=q.ts + pd.Timedelta(ms, "ms"))
    m = pd.merge_asof(f, q2, on="ts", by="sym",
                      tolerance=pd.Timedelta("2s"))
    return m.px.between(m.bid, m.ask).mean()
```

`f` आणि `q` दोन्ही `ts` वर चढत्या क्रमाने लावलेले हवेत. उणे ५०० पासून अधिक ५०० पर्यंत, २० च्या पायरीने चालवा. अख्खा दिवस एकत्र घेऊ नका, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करा. दिवस एकत्र घेतला तर सरकणाऱ्या घड्याळाचं शिखर पसरट होतं आणि काहीच कळत नाही. आणि ज्या स्ट्राइकचा स्प्रेड एक-दोन टिकांचा आहे तेच घ्या. रुंद स्प्रेडमध्ये फिल कसाही आतच पडतो, त्याची साक्ष निरुपयोगी.

---

कोकणकडा | रात्री ११:३४

जरा वेगळं विचारतो. माझ्याकडे रिटेल एपीआय आहे. फिलची वेळ येते १०:१४:०७, पुढे काही नाही. मी पण हे करू शकतो का? माझे एक मिनिटाचे कँडलही चार्टशी जुळत नाहीत, ते यामुळेच असेल का?

---

सुपारीफुटी | रात्री ११:४१

@कोकणकडा, तुमचा फिल ०७.००० ते ०७.९९९ मध्ये कुठेही असू शकतो. शेपूट कापलेलं असतं, जवळच्या सेकंदाला नेलेलं नसतं. `merge_asof` त्याला ०७.००० समजणार आणि तुम्हाला कायम शिळा कोट देणार. त्या एका सेकंदातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आस्क काढा आणि स्लिपेज एक आकडा न लिहिता पट्टा म्हणून लिहा, उदा. २ ते १४ पैसे. पट्टा रुंद असेल तर तुमच्या डेटातून त्याहून बारीक काही निघत नाही, एवढंच त्याचं उत्तर.

कँडलचा विषय वेगळा आहे, तिथे बहुधा मिनिटाच्या सीमेवरचा टिक इकडचा की तिकडचा हा प्रश्न असतो. नवा धागा काढा, तिथे बोलू.

---

टेम्सकाठ | मंगळवार, पहाटे २:१०

लंडनहून लिहितेय. इथे, मिफिड २ या मूळच्या युरोपीय नियमांवरून घेतलेल्या नियमांप्रमाणे, हाय-फ्रिक्वेन्सी व्यवहारांसाठी घड्याळ यूटीसीपासून १०० मायक्रोसेकंदांच्या आत ठेवावं लागतं आणि ते तसं आहे हे दाखवता यावं लागतं. अमेरिकेत ब्रोकरांवर देखरेख करणाऱ्या फिनराची मर्यादा ब्रोकरांच्या संगणकी घड्याळांना ५० मिलिसेकंद आहे. त्यामुळे माझा सल्ला, छतावर जीपीएस अँटेना, पीटीपी ग्रँडमास्टर आणि हार्डवेअर टाइमस्टॅम्प असलेलं नेटवर्क कार्ड घ्या. एनटीपीवर असलं काम करूच नये.

---

गारगोटी | सकाळी ८:१५

@टेम्सकाठ, कोलोकेशनमध्ये, बीकेसीत एक्स्चेंजच्या शेजारच्या रॅकमध्ये मशीन असेल तर तुमचं म्हणणं मान्य. मुक्ताताईंचा सर्व्हर ऑफिसात आहे. तिथे पोचताना कोटाचा प्रवासच काही मिलिसेकंदांनी कमीजास्त होतो. घड्याळ मायक्रोसेकंदाला अचूक करून कोटाची नोंद तेवढी अचूक होत नाही. त्यांची चूक पाव सेकंदाची आहे आणि तेवढी काढायला नीट चालवलेलं एनटीपी पुरतं.

नीट चालवलेलं म्हणजे दिवसातून एकदा नव्हे. `ntpdate` घड्याळाची चूक काढतं, घड्याळाचा वेग दुरुस्त करत नाही. क्रोनी सतत मोजत राहतो, हे घड्याळ १३ पीपीएमने हळू आहे हे शिकतो आणि कर्नलला सांगून वेगच वाढवतो.

```
server time.nplindia.org iburst
server samay1.nic.in iburst
server samay2.nic.in iburst
maxpoll 6
makestep 1.0 3
driftfile /var/lib/chrony/drift
log tracking measurements
logdir /var/log/chrony
```

यातली `maxpoll 6` ही ओळ तशी चालणार नाही, ती प्रत्येक `server` ओळीच्या शेवटी लिहावी लागते. मी घाईत वेगळी टाकली, कॉपी करताना तेवढं बदला. `makestep 1.0 3` म्हणजे सुरुवातीच्या तीन मोजण्यांतच, आणि चूक एक सेकंदापेक्षा जास्त असेल तरच उडी मारायची. त्यानंतर हळूहळू सरकवत आणायचं. बाजार चालू असताना घड्याळाने उडी मारलेली चालणार नाही. `ntpdate` ची क्रॉन ओळ काढून टाका, दोघं एका घड्याळाला हात लावायला नकोत.

---

सुपारीफुटी | सकाळी ८:४०

उडीबद्दल एक जोडतो. घड्याळ पुढे धावत असेल आणि उडी मागे मारली, तर नोंदीत तीच वेळ दोनदा येते. `merge_asof` तक्रार करतं की चावी क्रमाने नाही. मग कोणीतरी वर `sort_values` टाकतो आणि तक्रार बंद होते. त्या क्रमवारीत खरे आधीनंतरचे कोट एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा कधी सापडत नाहीत. रेकॉर्डरमध्ये भिंतीवरच्या वेळेबरोबर `time.monotonic_ns()` पण लिहा. ते मागे जात नाही, उडी कुठे झाली ते त्यावरून लगेच दिसतं.

---

मुक्ता_ठाणे | रात्री ८:५५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन गोष्टी केल्या.

सुपारीफुटींची सरकवण्याची चाचणी अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी चालवली. शिखर ९:३० च्या आसपास उणे ४०, १२:०० ला अधिक ८०, ३:१५ ला अधिक २४०. सरळ चढणारी रेघ आहे. पावणेसहा तासांत २८० मिलिसेकंद, म्हणजे साधारण १३.५ पीपीएम.

आणि सिसलॉगमध्ये `ntpdate` शोधलं. रोज सकाळी नऊला ही ओळ आहे (पत्ता काढला आहे):

```
step time server x.x.x.x offset 1.121604 sec
```

मंगळवार ते शुक्रवार १.११ ते १.१३ च्या मध्ये. सोमवारी मात्र ३.४१.

---

गारगोटी | रात्री ९:२०

ही ओळ म्हणजे पुरावाच. अधिक ऑफसेट म्हणजे तुमचं घड्याळ मागे होतं. १.१२१ भागिले ८६४०० केलं की जवळजवळ १३ पीपीएम. सोमवारचा आकडा तिप्पट, कारण क्रॉन शनिवार-रविवारी चालत नाही आणि घड्याळ तीन दिवस मोकळं सुटलेलं असतं. तिप्पट करून ३.३६ यायला हवेत, आले ३.४१. सुट्टीत ऑफिसचा एसी बंद असेल. स्फटिकाचा वेग तापमानाने बदलतो, ती जास्तीची ५० मिलिसेकंदं बहुधा तिथली.

चूक अर्ध्या सेकंदाहून मोठी असली की `ntpdate` उडी मारतं, म्हणून ओळीत `step` आहे. उडी पुढची होती आणि नऊला तुमच्या ऑप्शन्सचे कोट सुरू झालेले नसतात, त्यामुळे डेटात कुठेही खूण उरली नाही. तीन आठवडे हे कोणाच्या लक्षात आलं नाही यात नवल नाही.

---

रुळावरून | रात्री ९:३३

साडेसहा तासांत काय बिघडणार हे माझं वाक्य चुकलं. हिशेब न करता लिहिलं होतं. पुढचं विचारतो. आता क्रोनी लावला, उद्यापासून ठीक. पण मागच्या तीन आठवड्यांचा डेटा? चाचणीतून मिळालेल्या आकड्याएवढे कोट सरकवून रूटीन पुन्हा चालवायचं का?

---

सुपारीफुटी | रात्री ९:४०

हो, दुसरा काय मार्ग आहे? प्रत्येक अर्ध्या तासाला त्याचं शिखर लावा.

---

गारगोटी | रात्री १०:१०

इथे मी सहमत नाही. ही चाचणी फिल आणि कोट जास्तीत जास्त जुळतील अशी वेळ निवडते. त्याच वेळेने स्लिपेज काढलं तर फिल कोटाला जितका चिकटू शकेल तितका चिकटवून मग अंतर मोजल्यासारखं होईल. उत्तर शून्याकडे ओढलं जाणारच. आजार ओळखायला चाचणी उत्तम, पण दुरुस्तीचा आकडा फिलचा भाव न बघता मिळालेला असावा.

तो तुमच्याच डेटात आहे. कोटावर एक्स्चेंजची वेळ पूर्ण सेकंदात येते म्हणालात. प्रत्येक कोटासाठी तुमच्या सर्व्हरची वेळ उणे एक्स्चेंजचा सेकंद काढा. बहुतेक उत्तरं शून्य ते एक सेकंदात विखुरलेली असतील, कारण सेकंदाचं शेपूट कापलेलं आहे. पण अर्ध्या तासातलं सगळ्यात लहान उत्तर बघा. ते अशा कोटाचं असतं जो सेकंद पालटताच निघाला आणि सगळ्यात लवकर पोचला. त्यात शेपूट जवळजवळ शून्य, उरतो तो फक्त प्रवासाचा वेळ आणि घड्याळाची चूक. यात फिल कुठेच नाहीत.

---

मुक्ता_ठाणे | रात्री ११:२५

काढलं. कालच्या दिवसाची लहानात लहान उत्तरं:

९:३० च्या तुकड्यात अधिक ३७ मिलिसेकंद
१२:०० ला उणे ८०
३:१५ ला उणे २३३

उणे २३३ म्हणजे आमच्या नोंदीप्रमाणे कोट एक्स्चेंजवरून निघायच्या पाव सेकंद आधी आमच्याकडे पोचला. हा आकडा तीन आठवडे फाइलमध्ये बसून होता.

---

गारगोटी | रात्री ११:४०

३७ पासून उणे २३३, म्हणजे २० हजार ७०० सेकंदांत २७० मिलिसेकंद, १३.०४ पीपीएम. सिसलॉगशी जुळतंय. प्रत्येक दिवसाच्या या तळाच्या बिंदूंतून सरळ रेघ काढा आणि दुरुस्तीला ती वापरा. रेघ नऊला नेली की ६० च्या जवळपास येते. नऊला घड्याळ नुकतंच लागलेलं, म्हणून तो बहुतांशी प्रवासाचा वेळ. मात्र `ntpdate` नेही इंटरनेटवरूनच वेळ आणली आहे. जाण्यायेण्याच्या वाटा सारख्या नसतील तर त्याची चूक फेरीच्या वेळेच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. फेरी ३० मिलिसेकंदांची असेल तर १५ पर्यंत काही सांगता येत नाही.

ती १५ रूटीनमध्ये आणा. प्रत्येक फिलसाठी एक कोट न काढता, फिलच्या १५ मिलिसेकंद आधी आणि नंतर असे दोन कोट काढा. दोन्हींत आस्क तोच असेल तर स्लिपेज पक्कं. वेगळा असेल तर त्या फिलवर `ambiguous` लिहा आणि सरासरीतून बाजूला ठेवा. उद्यापासून हा पट्टा क्रोनीकडून मिळेल. `chronyc tracking` मध्ये `System time` चा फरक, त्यात `Root dispersion`, आणि त्यात `Root delay` चं निम्मं मिळवायचं. तेवढीच जास्तीत जास्त चूक. दर मिनिटाला ती कोटांच्या फाइलशेजारी लिहून ठेवा.

---

टेम्सकाठ | बुधवार, पहाटे १:५०

लहानात लहान फरकाची ही युक्ती आवडली, घेऊन जातेय. एक शंका. तो पूर्ण सेकंदाचा शिक्का कोटाचा आहे की शेवटच्या सौद्याचा? शेवटच्या सौद्याचा असेल आणि त्यानंतर फक्त कोट बदलला असेल, तर शिक्का जुना आणि फरक मोठा दिसेल.

---

गारगोटी | सकाळी ८:०५

चांगला प्रश्न. असे कोट असतीलच, पण त्यांचा फरक मोठा येतो आणि आपण लहानात लहान घेतो, म्हणून ते आपोआप बाजूला पडतात. कमी सौदे होणाऱ्या स्ट्राइकवर मात्र तळ नीट मिळणार नाही. भरपूर उलाढालीचेच घ्या.

---

नागझिरा | सकाळी ९:४८

आमच्याकडे टिक-बाय-टिक फीड आहे, त्यात कोटावरही एक्स्चेंजची नॅनोसेकंदांतली वेळ येते. फिल आणि कोट एकाच घड्याळाचे, त्यामुळे घसरणीचा प्रश्नच मिटला. फक्त तिथली मोजणी १ जानेवारी १९८० पासून असते, १९७० पासून नाही. ३१५५३२८०० सेकंद मिळवावे लागतात. शिवाय ती भारतीय वेळेतली आहे, तिला यूटीसी समजलात तर साडेपाच तास सरकेल. ती चूक मोठी असल्याने लगेच दिसते, म्हणून तितकी घातक नाही.

---

सुपारीफुटी | सकाळी १०:१५

@नागझिरा, फिल आणि कोटापुरता मिटला. पण स्ट्रॅटेजीने निर्णय घेतला ती वेळ कोणत्या घड्याळाची? तुमच्याच. निर्णयाच्या क्षणीच्या कोटाशी तुलना करायची म्हटली की पुन्हा दोन घड्याळं आली.

---

नागझिरा | सकाळी १०:३१

आम्ही निर्णयाच्या वेळेशी तुलना करतच नाही. ऑर्डर एक्स्चेंजला पोचली त्या वेळच्या कोटाशी करतो.

---

सुपारीफुटी | सकाळी १०:४४

म्हणजे निर्णयापासून पोचेपर्यंत भाव हलला तो तोटा तुमच्या अहवालात कुठेच येत नाही. माझ्या मते खरं स्लिपेज तिथेच असतं. मी तरी निर्णयाचाच कोट घेईन. ज्या प्रोग्रामने निर्णय घेतला त्याने तो कोणता कोट बघून घेतला, त्याचा क्रमांकच ऑर्डरसोबत लिहून ठेवायचा. मग वेळ जुळवायची गरज पडत नाही.

---

मुक्ता_ठाणे | शुक्रवार, रात्री ८:३०

क्रोनी बुधवारपासून चालू आहे. `chronyc tracking` मध्ये `Frequency` समोर `12.9 ppm slow` दिसतं. लहानात लहान फरक आज सकाळी ५८ आणि दुपारी ६१ मिलिसेकंद, म्हणजे रेघ आडवी झाली.

जुने तीन आठवडे गारगोटींच्या रेघेने दुरुस्त करून रूटीन पुन्हा चालवलं. सकाळची सरासरी १२ वरून ९ पैशांवर आली. दुपारची उणे ७ होती, ती आता अधिक ८. सुमारे सहा टक्के फिल `ambiguous` निघाले, ते वेगळे ठेवले आहेत.

कोणत्या कोटाशी तुलना करायची यावर आमच्याकडेही एकमत झालेलं नाही. सुपारीफुटींनी सांगितल्याप्रमाणे सोमवारपासून प्रत्येक ऑर्डरसोबत कोटाचा क्रमांक लिहायला सुरुवात करतोय. महिनाभर दोन्ही आकडे शेजारी शेजारी काढून इथेच टाकते.